गरम फीड पंप परत स्टार्ट होईना, बायपासची चावी फिरवली आणि ती तशीच राहिली: कारण, तपासणी आणि लॉग

साखर कारखान्याच्या कोजनमध्ये काम करणाऱ्या इन्स्ट्रुमेंट आणि इलेक्ट्रिकलच्या पोरांसाठी लिहायलोय. लातूर, बीड, धाराशिव, परभणी, कुठल्याबी कारखान्यात विचारा, ही तक्रार सापडतीच: सकाळी थंड पंप पहिल्या झटक्यात स्टार्ट होतो, पण चालता चालता व्होल्टेज डिपने वगैरे पडला की लगेच परत घेता येत नाही. स्क्रीनवर नुसतं "स्टार्ट नॉट रेडी". ड्रमची लेव्हल खाली चालली, टर्बाइनवाला फोनवर ओरडतोय, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग, आणि स्टँडबाय पंप नेमका मेकॅनिकल सीलच्या कामाला उघडलेला. मग कुणीतरी पॅनेलवरची चावी बायपासला टाकतो, पंप चालू होतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि चावी तशीच राहते. पुढच्या वेळी परत तेच.

मी ज्या बॉयलर फीड पंपाबद्दल सांगतोय त्याला फोर्स्ड ल्यूब ऑइल आहे. पंपाच्या शाफ्टवर मेन ऑइल पंप, आणि मोटरवर चालणारा वेगळा ऑक्झिलरी ऑइल पंप, त्याला आपण सगळे एओपी म्हणतो. स्टार्ट करण्याआधी एओपी चालू होतो, हेडरला प्रेशर बनतं, ते ठीक असलं तर मोटरला क्लोज कमांड मिळते. पंपाने स्पीड घेतला की मेन ऑइल पंप प्रेशर सांभाळतो आणि एओपी बंद होतो. या पंपाच्या मॅन्युअलमध्ये स्टार्टला किमान १.० किलो आणि ट्रिप ०.६ किलो दिलंय. तुमच्या पंपाचे आकडे वेगळे असतील, ते मॅन्युअलमध्येच बघा, हे आकडे उचलून तिकडं सेट करू नका.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. परमिसिव्ह म्हणजे सुरू करायची परवानगी, ती फक्त स्टार्टच्या क्षणी बघितली जाते. ट्रिप इंटरलॉक चालू मशीनवर सतत बसलेला असतो, अट मोडली की मशीन पाडतो. कागदावर दोन्ही वेगळे असतात, पण पॅनेलच्या आत बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच प्रेशर स्विचच्या एकाच कॉन्टॅक्टवर घेतलेले असतात, कारण एक स्विच आणि एक केबल वाचते. आमच्या पंपावर तसंच होतं, वरून एओपीचा ऑटो स्टार्टसुद्धा त्याच कॉन्टॅक्टवर. म्हणजे एक स्विच आणि तीन कामं.

आता गरम पंपच का स्टार्ट होत नाही ते बघा. मेकॅनिकल प्रेशर स्विचला डेडबँड असतो, म्हणजे प्रेशर उतरताना ज्या आकड्यावर तो सुटतो त्याच आकड्यावर चढताना लागत नाही, थोडा वर जाऊन लागतो. आमचा स्विच ०.८ वर सेट केलेला, स्टार्टच्या १.० आणि ट्रिपच्या ०.६ च्या मधला आकडा म्हणून कुणीतरी धरलेला, कारण एकाच स्विचने दोन्ही कामं भागवायची होती. उतरताना ०.८ ला सुटायचा आणि चढताना १.१ ला लागायचा. सकाळी तेल थंड आणि घट्ट, एओपी आरामात १.५ च्या पुढं नेतो, स्विच लागतो, परमिसिव्ह येते. पण तासन्‌तास चाललेल्या पंपात तेल ५५ ते ६० डिग्रीला असतं, पातळ झालेलं. फेब्रुवारी संपता संपता आपल्याकडं ऊन वाढतं, कूलरला येणारं पाणीच कोमट असतं, मग तेल आणखी गरम. त्या तेलावर झिजलेला एओपी आणि स्प्रिंग ढिली पडलेला रिलीफ व्हॉल्व्ह मिळून हेडरला १.०५ देत होते. लोकल गेजवर १.०५ दिसतंय, मॅन्युअल म्हणतंय १.० ला चालतंय, आणि स्विच १.१ ची वाट बघत बसलेला. ऑपरेटर म्हणतो स्विच खराब, मेकॅनिकलवाला म्हणतो प्रेशर तर आहे, आणि मधल्या मधे चावी फिरते.

म्हणून पहिली तपासणी प्रेशरची. पंप बंद, तेल गरम असताना, म्हणजे पंप बंद केल्याकेल्याच, एओपी चालवून लोकल गेज वाचा आणि लिहून ठेवा. तेलाचं टेम्परेचर पण सोबत लिहा, त्याशिवाय तो आकडा कामाचा नाही. मग स्विचचं आयसोलेशन बंद करून हँड पंपाने प्रेशर द्या, हळूहळू चढवा, मल्टीमीटरवर कॉन्टॅक्ट कुठं लागतो ते बघा, मग हळूहळू उतरवा आणि कुठं सुटतो ते बघा. दोन्ही आकडे हवेत. कॅलिब्रेशनच्या शीटवर बरेचदा फक्त सेट पॉइंट लिहिलेला असतो, रीसेट कुणीच लिहीत नाही, आणि ही बीमारी नेमकी त्या रीसेटच्या आकड्यात बसलेली असते. सगळं झालं की आयसोलेशन परत उघडलं का ते दोघांनी मिळून बघा, बंद राहिलेला आयसोलेशन व्हॉल्व्ह म्हणजे आत प्रेशर अडकवून ठेवलेला, कायम हेल्दी दाखवणारा स्विच, तो बायपासपेक्षा वाईट.

दुसरी तपासणी चावीची, आणि ही सगळ्यांनी कराच, तक्रार असो नसो. ब्रेकर टेस्ट पोझिशनला काढा, पंप चालू नसल्याची खात्री करा, परमिट घ्या. एओपी चालू ठेवून प्रेशर बनवा म्हणजे स्विच लागलेला असेल, आणि पीएलसीच्या डिजिटल इनपुट कार्डवर त्या चॅनेलचा दिवा पेटलेला दिसेल. आता चावी बायपासला टाका आणि फील्डमधून येणारी स्विचची वायर टर्मिनलवरून काढा. दिवा विझला तर चावी लॉजिकमध्ये वेगळी घेतलेली आहे, ठीक आहे. दिवा पेटलेलाच राहिला तर चावी स्विचच्या कॉन्टॅक्टला समांतर जोडलेली आहे, म्हणजे पीएलसीला स्विच दिसतच नाही, त्याला कायम "प्रेशर आहे" एवढंच दिसतंय. तुम्ही समजता स्टार्टची परवानगी तेवढी बायपास केली, पण ट्रिप मेली, एओपीचा ऑटो स्टार्ट मेला, आणि पीएलसीच्या इव्हेंट लॉगमध्ये कसलीही नोंद नाही, कारण त्याच्या मते काही घडलंच नाही.

असं जोडलेलं असेल तर काय होतं ते एका कारखान्यातल्या प्रकारावरून सांगतो, नाव घेत नाही. गरम रीस्टार्टसाठी चावी बायपासला टाकली, पंप चालू झाला, मेन ऑइल पंपाने प्रेशर १.६ ला नेलं, मग खरा स्विचसुद्धा लागला. सगळे दिवे हिरवे. चावीची कुणालाच आठवण राहिली नाही, कारण आठवण करून देणारं काहीच नव्हतं, ना अलार्म ना स्क्रीनवर खूण. शिफ्ट बदलली, पुढच्या शिफ्टला माहीतच नाही. दोन दिवसांनी ऑइल फिल्टरचं डिफरन्शियल वाढलं म्हणून चालू पंपावर ड्युप्लेक्स फिल्टर बदलायला घेतला. दुसऱ्या बाजूच्या फिल्टरमधली हवा नीट काढलेली नव्हती, लिव्हर फिरवला तसं तेल त्या रिकाम्या भांड्यात शिरलं आणि हेडरचं प्रेशर बसलं. अशा वेळी ०.८ ला स्विच सुटायला पाहिजे होता, एओपी धावून यायला पाहिजे होता, आणि तरीही प्रेशर आलं नाही तर पंप पडायला पाहिजे होता. तिन्हीपैकी काहीच झालं नाही. बेअरिंग टेम्परेचरच्या आरटीडीने अलार्म दिला तेव्हा ऑपरेटरने हाताने पंप बंद केला. उघडून बघितलं तर ड्राइव्ह एंडच्या बेअरिंगचा व्हाइट मेटल पुसलेला. आरटीडीला बेअरिंगच्या अंगातून उष्णता पोहोचायला वेळ लागतो, तेलाची फिल्म तुटायला लागत नाही, म्हणून "टेम्परेचर ट्रिप आहे की, प्रेशरची बायपास असली तरी चालतंय" हे म्हणणं धरून चालू नका. चौकशीत सगळ्यांनी विचारलं चावी कधी टाकली, कुणी टाकली. रजिस्टरमध्ये ओळ नव्हती, पीएलसीत नोंद नव्हती, मग काय सांगणार.

दुरुस्ती दोन बाजूंनी करावी लागते. मेकॅनिकल बाजू सरळ आहे: एओपीचा सक्शन स्ट्रेनर साफ, रिलीफ व्हॉल्व्हची सीट आणि स्प्रिंग, एओपीचे क्लिअरन्स, आणि कूलरच्या ट्यूबा. गरम तेलावर एओपीने स्टार्टच्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर प्रेशर दिलंच पाहिजे, ते देत नसेल तर इन्स्ट्रुमेंटमध्ये कितीबी बदल केले तरी तक्रार परत येणार. "परमिसिव्हचा सेट थोडा खाली करा ना साहेब" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, ते पंप बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय करायचं काम नाही.

इन्स्ट्रुमेंट बाजूला तीन कामं वेगळी करा. आम्ही हेडरवर एक प्रेशर ट्रान्समीटर टाकला, स्टार्टची परमिसिव्ह १.० ला आणि एओपीचा ऑटो स्टार्ट ०.८ ला त्याच्यावर घेतला. जुना स्विच तपासून फक्त ट्रिपसाठी ०.६ ला ठेवला, त्याची टॅपिंग वेगळी, आणि प्रेशर असताना कॉन्टॅक्ट बंद अशी जोडणी, म्हणजे वायर तुटली तरी पंप पडेल, आंधळा चालणार नाही. चावी स्विचच्या समांतर होती ती काढून वेगळ्या डिजिटल इनपुटवर नेली. आता ती फक्त ट्रान्समीटरच्या परमिसिव्हला बायपास करते, ट्रिप स्विचला हात लावत नाही. लॉजिक एवढंच:

```
BYP_TP(IN := KEY, PT := T#10m);
BYP      := BYP_TP.Q AND KEY AND NOT RUN;
START_OK := ((PT_LO > 1.0) OR BYP) AND PSLL_OK;
LO_TON(IN := RUN AND NOT PSLL_OK, PT := T#2s);
TRIP     := LO_TON.Q;
```

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. चावी टाकली की पल्स टायमर १० मिनिटं चालतो आणि संपतो, चावी तशीच ठेवली तरी परत सुरू होत नाही, त्यासाठी चावी नॉर्मलला आणून परत टाकावी लागते. चावी आधी काढली तर बायपास लगेच जातो. पंप चालू असेपर्यंत बायपास आपोआप बंद राहतो, कारण स्टार्टनंतर परमिसिव्हचं कामच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं `PSLL_OK`, ते कंसाच्या बाहेर आहे, म्हणजे ट्रिप स्विच लागलेला नसेल तर चावी फिरवा नाहीतर काहीही करा, पंप स्टार्ट होणार नाही. त्या स्विचचा रीसेट आमच्याकडं ०.९ च्या आसपास येतो, म्हणजे स्विच एकदा सुटलेला असेल तर ट्रान्समीटर मेला तरी तेवढ्या तेलाची खात्री राहतेच. ट्रिपचे २ सेकंद पण मनाने घेऊ नका, एओपीला प्रेशर उचलायला किती लागतात आणि बनवणारा किती चालवू देतो त्यावरून ठरवा. एक गोष्ट सांभाळा: पीएलसी रीस्टार्ट झाला आणि चावी टाकलेलीच असली तर टायमर परत चालू होऊ शकतो, म्हणून चावी बायपासला आहे एवढ्यावरच वेगळा अलार्म द्या, बायपास चालू असो की टाइम संपलेला असो, आणि दर शिफ्टला तो परत वाजू द्या.

काही इंटरलॉकला चावीच नको. ड्रमचा लो-लो, टर्बाइनचा ओव्हरस्पीड, इमर्जन्सी स्टॉप, कन्व्हेयरचा पुल कॉर्ड, फिरत्या भागावरच्या गार्डचा स्विच. लेव्हल ट्रान्समीटर तपासायचा असेल तर तीनपैकी एकच मेंटेनन्सला घ्या आणि उरलेल्या दोघांपैकी एकाने सांगितलं तरी ट्रिप व्हावी असं व्होटिंग त्या वेळेपुरतं ठेवा, पूर्ण ट्रिप बंद करायची सोय पॅनेलवर देऊच नका. आयईसी ६१५११ मध्ये सुद्धा बायपासला परवानगी, ऑपरेटरला दिसणारी खूण आणि बायपास असताना मशीन कशाच्या भरवशावर सुरक्षित राहणार याची व्यवस्था, हे सगळं मागितलंय.

आता लॉग. बहुतेक ठिकाणी लॉग म्हणजे एक जाड रजिस्टर, १५ कॉलम, तीन सह्या. पाणी खाली चाललेलं असताना ते कुणी भरत नाही, आणि खरं सांगायचं तर भरायला लावूही नये. बायपास घेणं इतकं किचकट केलं की पोरं चावी सोडून टर्मिनलवर जंपर मारतात किंवा पीएलसीत बिट फोर्स करतात, आणि ते तर कुठंच दिसत नाही. म्हणून चावी टाकण्याआधी चारच गोष्टी बोलून शिफ्ट इन्चार्जला सांगायच्या: कुठला टॅग, का, लोकल गेजवर आत्ता काय वाचलं, आणि मशीनजवळ कोण उभा आहे. इन्चार्ज हो म्हटला की चावी. बाकीचं अर्ध्या तासात लिहा. चावी टाकल्याची आणि काढल्याची वेळ माणसाने लिहायचीच नाही, ती पीएलसी लिहितो:

```
14:42:10  BFP2_PT_LO   BYP ON    KEY
14:43:55  BFP2         START     
14:43:55  BFP2_PT_LO   BYP OFF   AUTO
14:51:30  BFP2_KEY     NORMAL
```

रजिस्टरची ओळ मग अशी दिसते: "बीएफपी-२, ल्यूब प्रेशर परमिसिव्ह. ट्रान्समीटर ०ला अडकला, लोकल गेज १.२, तेल ५८ डिग्री. ट्रिप स्विच चालू, बायपास नाही. स्टार्ट होईपर्यंत फिटर गेजजवळ. इन्चार्जची परवानगी फोनवर. ट्रान्समीटरचं काम दिवसपाळीला, कामाचा नंबर अमुक." यातलं "ट्रिप चालू आहे" हे वाक्य सक्तीचं ठेवा. ते लिहिताना माणसाला एकदा बघावंच लागतं की आपण नक्की काय बंद केलंय आणि काय चालू आहे. "प्रोसेसची गरज" किंवा "तातडीचं काम" एवढंच कारण लिहिलेली ओळ परत पाठवा, त्यातून पुढच्याला काहीच कळत नाही.

चावीबद्दल आणखी एक. सिलेक्टर असा घ्या की चावी फक्त नॉर्मलला असतानाच निघते. मग बायपास चालू असेल तर चावी पॅनेललाच अडकलेली, आणि इन्चार्जच्या टेबलावरच्या बोर्डावरचा खिळा रिकामा. शिफ्ट घेणाऱ्याने आल्या आल्या खिळे मोजले तरी अर्धी गोष्ट कळते. पण बाजारातल्या बऱ्याच सिलेक्टर स्विचना एकाच नंबरची चावी लागते, त्यामुळं इलेक्ट्रिशियनच्या खिशातल्या जुडग्यात ती असतेच. वेगळ्या नंबरचं कुलूप मागवा, दोन चाव्या येतात, दुसरी सीलबंद पाकिटात ठेवा.

शिफ्ट देताना तोंडी "सगळं ठीक" नको. स्क्रीनवरची चालू बायपासची यादी, पीएलसीतली फोर्सची यादी आणि बोर्डावरचे खिळे, हे तिन्ही दोघांनी मिळून बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. फोर्सचं तर खास बघा, कारण प्रोग्रामिंग लॅपटॉप काढून नेला तरी फोर्स पीएलसीत राहू शकतो आणि स्क्रीनवर तो आपोआप येत नाही. कार्डवर किंवा सीपीयूवर फोर्सचा दिवा असेल तर त्याचा बिट घेऊन अलार्मला जोडा. आणि जंपर मारावाच लागला तर तो लांब, लाल वायरचा, त्याला टॅग बांधलेला, आणि पॅनेलचं दार बंद होणार नाही असा बाहेर लोंबता.

आठवड्यातून एकदा पीएलसीचा लॉग आणि रजिस्टर शेजारी ठेवून जुळवा. पीएलसीत आहे पण रजिस्टरमध्ये नाही, अशी ओळ सापडली तर त्या शिफ्टशी बसून बोला, पण दंडाची भाषा लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी चावीच्या जागी जंपर दिसेल. रजिस्टरमध्ये आहे पण पीएलसीत नाही, असं सापडलं तर ते जास्त गंभीर, कारण याचा अर्थ बायपास अशा ठिकाणी झाला जिथं पीएलसीला दिसत नाही. त्या दिवशी वर सांगितलेली वायर काढायची तपासणी परत करा. आणि एकच टॅग परत परत यायला लागला तर त्या ओळी एकत्र करून टेम्परेचर आणि गेजच्या आकड्यांसकट मेकॅनिकलला द्या. आमच्याकडं रिलीफ व्हॉल्व्ह बदलायला मंजुरी मिळाली ती याच कागदावर, कारण प्रत्येक बायपासच्या ओळीत दुपारची वेळ, तेल ५५ च्या वर आणि गेज १.० च्या आसपास हे सगळ्यांना एका नजरेत दिसलं. व्हॉल्व्ह आणि एओपीचं काम झाल्यावर गरम तेलावर १.३ मिळायला लागलं, आणि परमिसिव्ह चावीला हात न लावता यायला लागली.

ट्रिप खरंच चालतो का हे सीझन सुरू व्हायच्या आधी तेलाने तपासा, मल्टीमीटरने नाही. ब्रेकर टेस्टला, रन सिम्युलेट केलेला, एओपी ऑटोतून काढून हाताने चालू ठेवलेला, आणि हेडरचा ड्रेन हळूहळू उघडून प्रेशर उतरवा. ०.८ ला एओपीची स्टार्ट कमांड आली का, ०.६ ला ब्रेकर पडला का, किती सेकंदात पडला, हे बघून लिहा. मग चावी बायपासला टाका आणि सगळं परत एकदा करा. ब्रेकर तसाच पडला पाहिजे. संपल्यावर सिम्युलेशन काढल्याची, एओपी ऑटोला टाकल्याची आणि ड्रेन बंद केल्याची ओळ त्याच रजिस्टरमध्ये लिहा, कारण चाचणीसाठी केलेली सोयसुद्धा ओव्हरराइडच आहे.